शोरूममधला साध्या कपड्यांतला माणूस: ओळख कधी आणि कशी उघडायची?

कच्चा_खर्डा

एका लघुकथेवर मदत हवी आहे. खर्डा १,९०० शब्दांचा आहे, सगळा इथे टाकत नाही, सांगाडा देते.

साठीचा एक माणूस चुरगळलेला सदरा आणि झिजलेल्या चपला घालून मोटारींच्या शोरूममध्ये येतो. दारावर सुरक्षारक्षक हटकतो. रिसेप्शनवरची मुलगी तोंड दाबून हसते. विक्रेता म्हणतो, "काका, ही गाडी नुसती बघायलासुद्धा ऐपत लागते." मॅनेजर बाहेरचा रस्ता दाखवतो. तेवढ्यात मॅनेजरचा फोन वाजतो: चेअरमन साहेब आज साध्या वेशात पाहणीला येणार आहेत. सगळ्यांचे चेहरे पडतात. मग चेअरमन सगळ्यांना सुनावतो (हे साधारण साडेतीनशे शब्द), विक्रेत्याला कामावरून काढतो आणि ज्या शिपायाने पाणी दिलं त्याला बढती देतो.

ज्यांनी वाचली त्या सगळ्यांचं एकच मत पडलं: दुसऱ्या परिच्छेदातच कळलं. भाषेला कुणी नावं ठेवली नाहीत. प्रश्न एवढाच की ओळख कुठे उघडावी? शेवटच्या ओळीपर्यंत लांबवली तर चालेल का?

मिहिका

शेवटच्या ओळीतच हवी. फोन वाजतो, मॅनेजर "येस सर" म्हणतो, समोरच्या माणसाकडे बघतो, संपली कथा. पुढचं भाषण, बढती, हकालपट्टी सगळं कापून टाक. साडेतीनशे शब्द वाचले आणि धक्काही मिळाला.

तिरकस

धक्का कुणाला? साध्या कपड्यांतला माणूस, चकाचक शोरूम आणि उद्धट नोकर हे तिघे एका पानावर आले की वाचक निकाल लावून मोकळा होतो. ओळख शेवटच्या ओळीत नेली तर त्याला माहीत असलेलीच गोष्ट त्याला आणखी उशिरा सांगितली जाईल, इतकंच.

आण्णा_ग

अशा वेळी गप्प बसू नये. विक्रेत्याचं नाव आणि वेळ टिपून घ्यावी, तिथल्या तिथे मॅनेजरशी बोलावं, नाही ऐकलं तर कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी ईमेल करावा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनी लेखी काही दिलं आहे का?

कच्चा_खर्डा

आण्णा, गृहस्थ काल्पनिक आहेत हो. पण तक्रारीचा क्रमांक मागणारा नायक ही कल्पना वाईट नाही.

अर्धविराम

मिहिकाचं निम्मं पटलं. भाषण आणि बढती जायलाच हवी. पण तिरकस म्हणतात तेही खरं आहे, या कथेत 'हा कोण' हे गुपित राहतच नाही. म्हणून ओळख कितव्या ओळीत आहे याला मी फार महत्त्व देणार नाही. ती कशामुळे होते, ते आधी बघा.

ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात ओळख पटण्याचे प्रकार चढत्या क्रमाने लावून दाखवले आहेत. सर्वांत खाली खुणेवरून पटणारी ओळख: व्रण, गळ्यातली माळ वगैरे. तिच्यावर, लेखकाने सोयीसाठी घडवून आणलेली. पुढे आठवणीतून पटणारी, मग तर्काने. सर्वांत वर घटनांच्या ओघातच पटणारी. तुमचा फोन दुसऱ्या प्रकारात बसतो. कथेत त्याला काही कारण नाही, लेखिकेला त्या क्षणी हवा होता म्हणून वाजला.

त्याच ठिकाणी एक बारकावा आहे, तो या कथेला नेमका लागू पडतो. ओडिसियस भिकाऱ्याच्या वेशात घरी येतो. दाई पाय धुताना तिच्या हाताला मांडीवरचा जुना व्रण लागतो आणि ती ओळखते. पुढे तोच ओडिसियस गुराख्यांना तोच व्रण स्वतः उघडून दाखवतो. खूण एकच, पण ॲरिस्टॉटल पहिला प्रसंग सरस मानतो, कारण तिथे कुणी काही सिद्ध करायला बसलेलं नाही. साध्या कपड्यांतला माणूस खिशातून कार्ड काढतो किंवा "मी कोण माहीत आहे का?" म्हणतो, तेव्हा तो व्रण उघडून दाखवत असतो. त्या क्षणी तोही विक्रेत्याच्याच पंक्तीला जाऊन बसतो.

तेव्हा आधी हे सांगा: तो शोरूममध्ये आला कशाला? आणि कपडे तसे का आहेत?

कच्चा_खर्डा

परीक्षा घ्यायला आला आहे. कपडे मुद्दाम घातलेत.

अर्धविराम

मग तो सापळा लावून बसलेला माणूस झाला. विक्रेता उद्धट असेलही, पण नोकरी त्याची जाणार आणि खेळ चेअरमनचा. वाचकाची सहानुभूती नकळत चुकीच्या बाजूला सरकते. त्याला खरं काम द्या आणि कपड्यांना खरं कारण द्या.

विक्रीमजला

उशिरा आलो. शोरूमचा व्यवहार चांगला माहीत आहे म्हणून लिहितो. सांगाड्यात शोरूम कुठेच दिसत नाही, नुसती काच दिसते.

पहिली गोष्ट, विक्रेता "ऐपत लागते" असं म्हणणार नाही. त्याला तसं म्हणायची गरजच पडत नाही. त्याच्या हातात नियम आणि वेळ या दोन गोष्टी असतात, तो त्यांनी माणूस घालवतो. रिसेप्शनवर नाव आणि मोबाइल नंबर लिहून घ्यायचा असतो, त्याला चौकशी नोंदवणं म्हणतात. तो लिहूनच घेत नाहीत. नोंद नाही म्हणजे विक्रेता नेमला जात नाही, नेमला नाही म्हणजे समोर आलेला माणूस कुणाचीच जबाबदारी नाही. मग तो गाड्यांमधून एकटाच हिंडतो आणि सगळे त्याला बघत बसतात. माहितीपत्रक मागितलं तर "संपलीत, वेबसाइटवर आहे." टेस्ट ड्राइव्ह मागितली तर "गाडी बाहेर गेली आहे." यातलं एकही वाक्य तक्रारीत लिहिता येत नाही. आण्णांच्या ईमेलमध्ये काय लिहाल?

दुसरी गोष्ट, हे निव्वळ दुष्टपणाने होत नाही. विक्रेत्याला प्रोत्साहनाची रक्कम गाडी ताब्यात दिली की मिळते, माणसाशी चांगलं बोलला म्हणून नाही. चौकशांना तो मनात हॉट, वॉर्म, कोल्ड अशी लेबलं लावतो आणि महिनाअखेरीला कोल्डवर अर्धा तास घालवणं त्याला परवडत नाही. कपडे बघून लेबल लावणं हा त्याचा आळस आहे, पण लेबल लावणं हे त्याचं कामच आहे. खलनायकापेक्षा असा माणूस लिहायला जास्त मजा येईल.

तिसरी, चेअरमन. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस कर्मचाऱ्यांना तोंडओळखीने माहीत असतो, भिंतीवर फोटो असतो. न ओळखणंच अवघड. शिवाय बहुतेक शोरूम कंपनीची नसते, डीलरची असते. कंपनीचा चेअरमन डीलरच्या विक्रेत्याला जागेवर काढू शकत नाही.

रेघोट्या

माझ्याही एका कथेत हाच प्रकार आहे, घड्याळांच्या दुकानात. शेवटी नायक बॅगेतून नोटांची बंडलं काउंटरवर ओततो. लोकांना आवडतं. इथेही तसंच करता येईल, फोनपेक्षा दृश्य दमदार होतं.

विक्रीमजला

दिसायला दमदार, पण वाचणारा एखादा हिशेबनीस असेल तर तो तिथेच हसेल. मोठी रोख रक्कम स्वीकारण्यावर बऱ्याच देशांत कायद्याने मर्यादा आहे. आणि पैसे ओतले तरी गाडी त्या दिवशी मिळत नाही. बुकिंगची रक्कम, ओळखपत्रं, विशिष्ट चासी नंबरची गाडी नावावर लावणं, ताब्याआधीची तपासणी, विमा, नोंदणी. प्रदर्शनातली गाडी तर सहसा लगेच देत नाहीत, तिची बॅटरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दिवे लावून लावून उतरलेली असू शकते.

अर्धविराम

शिवाय बंडलं हा उघडून दाखवलेला व्रणच झाला, फक्त रंगीत.

मिहिका

थांबा. महागड्या दुकानात कपड्यांवरून खरंच इतकं ठरतं का? २०१४ साली ग्राहक-वर्तनावरच्या एका संशोधन नियतकालिकात प्रयोग आला होता. मिलान शहरातल्या उंची बुटिकमधल्या विक्रेत्यांना दोन ग्राहक स्त्रियांची वर्णनं दिली, एक व्यायामाच्या कपड्यांत, एक उंची पेहरावात. विक्रेत्यांनी व्यायामाच्या कपड्यांतली ग्राहक जास्त मोठी मानली. म्हणजे ही कथा मुळातच खोटी आहे!

विक्रीमजला

प्रयोग खरा आहे, पण त्याचा दुसरा भागही सांगा. तेच प्रश्न मिलानच्या रेल्वे स्थानकाजवळच्या लोकांना विचारले तेव्हा त्यांनी उलट उत्तर दिलं, उंची कपडेवालीच मोठी. फरक ओळखीचा आहे. रोज तशा गिऱ्हाइकांत वावरणाऱ्याला कळतं की ज्याला काही सिद्ध करायचं नसतं तो कसाही येतो. आणि व्यायामाचे कपडे म्हणजे झिजलेल्या चपला नव्हेत. पहिल्यात 'मुद्दाम' दिसतं, दुसऱ्यात दिसत नाही.

कथेसाठी यातून उपयोगाचं एवढंच निघतं की शोरूम फार उंची ठेवू नका. मधल्या दर्जाची, नवी उघडलेली आणि विक्रेता वर्षभराच्या अनुभवाचा. वीस वर्षं विकणारा माणूस ही चूक सहसा करत नाही. तो चपलांकडे न बघता, समोरचा काय विचारतो ते ऐकतो.

तिरकस

त्याच सालातला दुसरा प्रयोग राहिला की. उंची ब्रँडच्या विक्रेत्याने तुच्छतेने वागवलं तर काही ग्राहकांची घ्यायची इच्छा वाढते म्हणे. थोडक्यात, विक्रेत्याला काढायचं कशाला, बक्षीस द्या.

अर्धविराम

तो परिणाम ज्यांना त्या ब्रँडच्या वर्तुळात शिरायची ओढ असते त्यांच्यात दिसला, आणि काळ गेला की ओसरतो. सरसकट नाही. पण कथेला हे फार कामाचं आहे. अपमान झाल्यावर "आत्ताच्या आत्ता सर्वांत महागडी दाखव" म्हणणारा नायक हा त्या वर्तुळाकडे आशेने बघणारा माणूस असतो. ज्याला खरंच फरक पडत नाही तो असं करणार नाही, तो आपलं काम उरकेल. नायक दोघांपैकी कोण हे लेखिकेने ठरवावं. दोन्ही कथा चांगल्या होतील, पण एकाच माणसाला दोन्ही वागणुकी देऊ नका.

कच्चा_खर्डा

पटलं. चेअरमन रद्द. विक्रीमजला यांचं वाचून एक सुचलं. नायकाचा भाड्याने गाड्या देण्याचा धंदा आहे, ३८ गाड्या, सगळ्या याच कंपनीच्या. नव्या मॉडेलच्या सीटने पाठ धरते असं चालक सांगतायत, म्हणून तो स्वतः बसून बघायला आला आहे. येण्याआधी एका गाडीखाली शिरला होता, म्हणून कपडे तसे.

आणि ओळख अशी: रिसेप्शनवर त्याचा मोबाइल नंबर लिहून घेतलाच नव्हता. शेवटी टेस्ट ड्राइव्हच्या फॉर्मसाठी नाइलाजाने टाइप करतात आणि पडद्यावर जुना ग्राहक, ३८ वाहनं असं येतं. म्हणजे पहिल्याच मिनिटाला नियम पाळला असता तर कळलं असतं. चालेल?

अर्धविराम

उत्तम. आता न ओळखणं आणि अपमान ही एकच कृती झाली. नोंद केली नाही हाच अपमान, आणि नोंद केली नाही म्हणूनच ओळख पटली नाही. ओळख आणि उलटापालट एकाच क्षणी घडावी असं ॲरिस्टॉटल म्हणतो ते हेच.

विक्रीमजला

कथा म्हणून छान, व्यवहारात अडेल. ३८ गाड्या त्याच्या नावावर नसतील, धंद्याच्या नावावर असतील आणि नंबर हिशेबनीसाचा दिलेला असेल. त्याचा स्वतःचा नंबर टाकल्यावर पडदा कोराच येईल. त्यात अनेक ठिकाणी विक्रीची नोंद एका प्रणालीत आणि सर्व्हिसची दुसरीकडे. शिवाय एवढा ग्राहक असेल तर घाऊक विक्री बघणारा माणूस त्याच्या ऑफिसात जाऊन भेटतो. मालक मजल्यावर कधी येतच नाही, म्हणून विक्रेता त्याला ओळखत नाही, हे मात्र तुमच्या बाजूने आहे.

या माणसाला ओळखतं कोण, तर वर्कशॉप. जो मालक गाडीखाली स्वतः शिरतो, त्याला सर्व्हिस ॲडव्हायझर आवाजावरून ओळखतो.

मिहिका

मग ॲडव्हायझर चहाला म्हणून मजल्यावर येतो आणि ओळखतो. झालं!

तिरकस

आणि फोनच्या जागी चहा वाजला.

अर्धविराम

तिरकस बरोबर बोलतात, चहाही लेखिकेच्याच सोयीचा आहे. ॲडव्हायझर यायला हवा, पण विक्रेत्याने आणायला हवा. कसा, ते त्याच्या स्वभावातच आहे. विक्रीमजला, असा माणूस गाडी बघताना नेमकं काय बघेल?

विक्रीमजला

नवखा ग्राहक दार उघडतो, स्टीअरिंग धरतो, रंग विचारतो. हा तसं करणार नाही. आधी सीट पूर्ण मागे सरकवून मग पुढे आणेल, क्लच तळापर्यंत दाबून गुडघा कुठे येतो ते बघेल. कमरेच्या आधाराखाली मूठ घालून दाबेल. प्रदर्शनातल्या गाडीत पायाखाली कागदी मॅट असते, ती उचलून पेडलच्या मागे हात घालेल. बॉनेट उघडायला लावेल आणि इंजिनकडे न बघता ऑइल फिल्टरपर्यंत हात पोचतो का ते बघेल. मग विचारेल, "याची क्लच प्लेट जुन्या मॉडेलचीच आहे का? नसेल तर किती दिवसांत मिळते?"

विक्रेत्याला हे सगळं 'उगाच हाताळणं' वाटेल. क्लच प्लेटचं उत्तर त्याला येत नसतं. तो म्हणणार, "ते सर्व्हिसवाल्यांना विचारा."

अर्धविराम

मिळालं! विक्रेता त्याला टाळण्यासाठी सर्व्हिसवाल्याला बोलावतो आणि तोच ओळखतो. यात योगायोग नाही. ब्याद दुसऱ्याच्या गळ्यात घालायला गेला आणि स्वतःच अडकला. युरिपिडीसच्या नाटकात इफिगेनिया भावाला पोचवायला पत्र देते, ते पोचलंच पाहिजे म्हणून मजकूर तोंडीही सांगते, आणि भाऊ समोरच उभा असतो. ओळख वरच्या प्रकारात बसते ती अशी, तिला पत्र पाठवायचंच होतं म्हणून.

आणि विक्रीमजला यांनी सांगितलेल्या हालचालीच तुमची पेरणी. पहिल्या वाचनात विक्रेत्याच्या नजरेने दाखवा, म्हणजे त्या अडाणीपणाच्या वाटतील. खुलासा कुठेही करू नका. ज्या वाचकाला गाड्यांतलं कळतं त्याला आधीच सुगावा लागेल, बाकीच्यांना मागे जाऊन बघता येईल. गुपित कपड्यांत न ठेवता हातात ठेवा.

कच्चा_खर्डा

तेवढा तुकडा लिहून बघितला:

*त्याने चटईचा कागद गोळा करून बाजूला ठेवला आणि पेडलच्या मागे हात घातला. निखिल दोन पावलं पुढे आला.*

*"काका, आत हात नका घालू. डिस्प्लेची गाडी आहे."*

*"क्लच प्लेट तीच आहे का हो, जुनीवाली?"*

*"म्हणजे?"*

*"नवी असेल तर मिळायला किती दिवस लागतात?"*

*निखिलने घड्याळ बघितलं. दाराशी एक जोडपं येऊन उभं होतं, बाईंच्या हातात गाडीची किल्ली होती. त्याने आतला नंबर फिरवला. "जरा कुणाला पाठवता का वर? एक जण आहेत, पार्ट्सचं विचारतायत." मग खिशातून पिवळा फडका काढून त्याने दाराची मूठ पुसली, वरून, खालून, पुन्हा वरून, आणि जोडप्याकडे गेला.*

*सर्व्हिसचा माणूस हात पुसतच आला. गाडीतून नुसते पाय बाहेर दिसत होते. "क्लच प्लेट," आतून आवाज आला.*

*"भास्करशेठ? तुम्ही इकडे कुठे? सतरा नंबर आजच देतो म्हटलं ना."*

तिरकस

फडका आवडला. "ऐपत लागते"पेक्षा जास्त लागतो.

विक्रीमजला

तुकडा जमलाय. एक दुरुस्ती: जोडप्याच्या हातात किल्ली दिसल्यावर विक्रेता वळतो हे अगदी बरोबर, कारण जुनी गाडी बदलायला आलेला माणूस म्हणजे हॉट चौकशी. पण ते दाराशी उभे राहणार नाहीत, रिसेप्शनवर त्यांचं नाव लिहून घेणं चालू असेल. ते दाखवा. तीच नोंद नायकाची झाली नव्हती, वेगळं सांगावं लागणार नाही.

रेघोट्या

मग पुढे काय? भास्करशेठ सुनावत नाहीत? वाचकाचं समाधान कुठे? एवढं सोसल्यावर काहीतरी वसूल व्हायला नको का?

अर्धविराम

ही मागणी रास्त आहे, ती झटकून चालणार नाही. हा कथाप्रकार लोकांना आवडतो तो वसुलीसाठीच. पण तिच्यात एक अडचण दडलेली आहे. विक्रेता माफी मागतो ती माणसाचा अपमान केला म्हणून की ३८ गाड्यांच्या मालकाचा केला म्हणून? दुसरं असेल तर कथा विक्रेत्याच्याच बाजूची होते: माणसाची किंमत खिशावरच ठरते, फक्त मोजताना त्याची चूक झाली. भाषणाने ही गोची सुटत नाही. भाषण करायचा हक्कही त्याला त्या ३८ गाड्यांनीच दिलेला असतो.

यावर एक जुनी युक्ती आहे, साध्या कपड्यांतला दुसरा माणूस. तो सुरुवातीपासून मजल्यावर असतो, त्याचीही नोंद झालेली नसते आणि तो खरोखरच कुणी नसतो. भास्करशेठना खुर्ची येते, तेव्हा कॅमेरा त्याच्याकडे वळवायचा. त्याला खुर्ची मिळते की नाही, यावर विक्रेत्याला काय कळलं ते ठरेल.

मिहिका

दुसरा माणूस म्हणजे बोधकथा झाली. पोस्टरवर 'बघा बघा' लिहून लावल्यासारखं. मला विक्रेत्यावरच थांबायला आवडेल. त्याला कळलं की नाही तेच कळू नये.

विक्रीमजला

दुसरा माणूस ठेवायचाच असेल तर त्याला काम द्या. कुणाचा तरी चालक, मालकाची गाडी ताब्यात घ्यायला आलेला. तो रोज दिसतो, त्यामुळे मुद्दाम आणून बसवल्यासारखा वाटणार नाही. आणि सीटबद्दल भास्करशेठ विक्रेत्यापेक्षा त्यालाच विचारतील, पाठ त्याची दुखते.

अर्धविराम

वा. मग त्याच्याकडे बघायला नायकाचं स्वतःचं कारण झालं, आमचं नाही. मिहिकाचा आक्षेप यानेही पुरता मिटतो असं नाही, पण बोधकथेची कड बरीच बोथट होते.

रेघोट्या

आणि गाड्या घेतो की नाही?

तिरकस

सीट कशी आहे त्यावर.

विक्रीमजला

तिरकस गमतीने म्हणाले, पण धंदेवाला माणूस खरंच तसाच ठरवेल. ३८ गाड्यांचे सुटे भाग, मेकॅनिकचा हात, चालकांची सवय हे सगळं एका कंपनीत अडकलेलं असतं. एका विक्रेत्याच्या फडक्यासाठी कुणी कंपनी बदलत नाही. डीलर बदलता येतो, तोही फारसा लांब नसेल तर. म्हणून "यापुढे तुमच्याकडून एकही गाडी घेणार नाही" ही आरोळी पोकळ वाटेल. त्याला राग आला आहे आणि तरी गाड्या इथूनच घ्याव्या लागणार आहेत, हे जास्त खरं आहे.

कच्चा_खर्डा

मग त्याचा राग कुठे दाखवू? तो संतच वाटायला लागला तर पुन्हा पंचाईत.

अर्धविराम

संत करू नका. त्याने काहीतरी छोटं आणि व्यवहारातलं मागावं, जे विक्रेत्याला नाकारता येत नाही. आण्णांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं आहे ते बघा.

कच्चा_खर्डा

तक्रारीचा क्रमांक?

विक्रीमजला

चौकशीचा क्रमांक. नोंद केली की प्रत्येक चौकशीला क्रमांक पडतो आणि आल्याची वेळ लागते. तो म्हणेल, "माझी नोंद करा, आणि मी आलो ती वेळ टाका." प्रणाली आत्ताचीच वेळ घेते, मागची टाकू देत नाही. विक्रेत्याला ते मॅनेजरकडे जाऊन सांगावं लागेल, म्हणजे आधी नोंद का झाली नाही हेही त्यालाच सांगावं लागेल.

आण्णा_ग

मी तेच म्हणत होतो. लेखी घ्या.